निकालात अर्थ नको, चर्चेत आकडे नकोत. मग लिहायचे काय?

प्रबंधाचा पहिला खर्डा गाइडकडून परत येतो, तेव्हा त्याच्या समासात दोन शेरे हमखास असतात. ‘निकाल’ या प्रकरणाच्या कडेला लिहिलेले असते, “इथे तुमचे मत नको, फक्त निकाल द्या.” वीस पाने पुढे ‘चर्चा’ या प्रकरणाच्या कडेला असते, “हे सगळे मागे आलेच आहे, तेच आकडे पुन्हा कशाला?” विद्यार्थी निकालातले अर्थाचे वाक्य खोडतो, चर्चेतले आकडे खोडतो, आणि मग समोर जे उरते ते पाहून घाबरतो. निकालात कोरडी यादी उरलेली असते आणि चर्चेत काहीच उरलेले नसते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे असे खर्डे वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्यावरून माझे मत असे झाले आहे की हे दोन शेरे दोन वेगळ्या चुकांवरचे नाहीतच. चूक एकच असते. अर्थ निकालातच सांगून संपवला, की चर्चेत सांगायला काही राहत नाही, आणि ती रिकामी जागा मग आकड्यांनी भरली जाते. म्हणून एक शेरा नीट समजला की दुसरा आपोआप सुटतो. ते कसे, हे क्षयरोगावरच्या एका खऱ्या चाचणीचे आकडे हाताशी घेऊन पाहू.

## पंचनाम्यात ‘सोन्याची’ लिहीत नाहीत

चोरीचा माल सापडला की पोलीस पंचनामा करतात. त्यात ‘सोन्याची चेन’ असे लिहीत नाहीत, ‘पिवळ्या धातूची चेन’ असे लिहितात. जमिनीवर डाग असतील तर ‘रक्ताचे डाग’ लिहीत नाहीत, ‘रक्तासारखे दिसणारे डाग’ लिहितात. पंचांना ते सोने वाटत नाही असे नसते. पण ते सोने आहे हे सोनाराने तपासून सांगायचे, रक्त आहे हे प्रयोगशाळेने सांगायचे. पंचांनी डोळ्यांना दिसले तेवढ्याखाली सही करायची असते. पुढे कोर्टात वकील उभा राहतो, तेव्हा तो पंचनामा पहिल्या ओळीपासून वाचून दाखवत बसत नाही. तो म्हणतो, “दाराची कडी शाबूत होती, म्हणजे आत येणाऱ्याकडे किल्ली होती.” पंचनाम्यातली एक नोंद तो उचलतो आणि तिच्यावरून पुढे जातो.

निकाल म्हणजे पंचनामा आणि चर्चा म्हणजे युक्तिवाद. शाळेतल्या प्रयोगवहीतही हाच भेद होता. ‘निळा लिटमस लाल झाला’ हे निरीक्षणाच्या रकान्यात जायचे आणि ‘द्रावण आम्लधर्मी आहे’ हे अनुमानाच्या. आपल्याकडचे अनेक प्रबंध इथे एका शब्दामुळेही घसरतात. निकालाच्या प्रकरणाला ‘निष्कर्ष’ असे शीर्षक दिले जाते. निष्कर्ष म्हणजे ओढून काढलेले सार, म्हणजेच अनुमान. शीर्षकच तसे असल्यावर लिहिणाऱ्याचा हात अर्थाकडे वळला तर नवल नाही. मी या लेखात ‘निकाल’ आणि ‘चर्चा’ हेच शब्द वापरतो.

## चार प्रश्न विचारणारा माणूस

ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ मध्ये शोधनिबंधाने उत्तर द्यायचे चार प्रश्न सांगितले. सुरुवात का केली? काय केले? काय उत्तर मिळाले? आणि त्याचा अर्थ काय? प्रस्तावना, पद्धती, निकाल आणि चर्चा हे चार विभाग म्हणजे याच चार प्रश्नांची उत्तरे. तिसरा आणि चौथा प्रश्न दिसायला जवळचे असले तरी त्यांची उत्तरे वेगळ्या जातीची आहेत. तिसऱ्याचे उत्तर घडून गेलेले असते, ते बदलत नाही. चौथ्याचे उत्तर उद्या नवी माहिती आली की बदलू शकते.

हिल यांना हे पुस्तकी म्हणून सुचले नव्हते. पहिल्या महायुद्धात त्यांना स्वतःला क्षय झाला, दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहावे लागले आणि डॉक्टर होण्याचे स्वप्न सोडावे लागले. पुढे क्षयावरच्याच एका चाचणीची आखणी त्यांच्या हातून झाली. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेली स्ट्रेप्टोमायसिनची ही चाचणी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ३० ऑक्टोबर १९४८ रोजी छापून आली. आपल्याला आकडे तिथलेच घ्यायचे आहेत. खालची नमुन्याची वाक्ये मात्र माझी आहेत, मूळ निबंधातली नाहीत.

चाचणी थोडक्यात अशी होती. दोन्ही फुप्फुसांत वेगाने वाढणारा क्षय झालेले तरुण रुग्ण घेतले. त्या काळात अशा रुग्णांसाठी पलंगावरची विश्रांती याहून फारसे काही हाती नव्हते. औषधाचा साठा थोडा होता, तो सगळ्यांना पुरणार नव्हता. कोणाला औषध आणि कोणाला फक्त विश्रांती, हे डॉक्टरांनी न ठरवता बंद लिफाफ्यातल्या यादृच्छिक क्रमाने ठरले. यादृच्छिक म्हणजे चिठ्ठी टाकून काढल्यासारखे, कोणाच्या मर्जीवर नसलेले. औषध गटात ५५ रुग्ण आले आणि विश्रांती गटात ५२. सहा महिन्यांच्या अखेरीस औषध गटातले ४ रुग्ण दगावले होते आणि विश्रांती गटातले १४.

## एकाच निकालाची दोन वाक्ये

हे आकडे हातात आल्यावर बहुतेक विद्यार्थी निकालाच्या प्रकरणात असे काहीतरी लिहितात:

> स्ट्रेप्टोमायसिनने रुग्णांचे प्राण वाचवले. औषध गटात अवघे ४ रुग्ण दगावले, तर विश्रांती गटात तब्बल १४ जणांना प्राण गमवावे लागले. यावरून हे औषध क्षयावर प्रभावी असल्याचे सिद्ध होते.

शेवटचे वाक्य अर्थाचे आहे हे कोणालाही दिसते आणि गाइडने सांगितल्यावर ते खोडलेही जाते. पण अर्थ तेवढ्याच वाक्यात नाही. ‘अवघे’ आणि ‘तब्बल’ हे दोन शब्द पाहा. चार हे थोडे आणि चौदा हे फार, हा निवाडा वाचकाने करायचा होता, तो आपण त्याच्या आधी करून टाकला. मराठीत असे बारीक शब्द पुष्कळ आहेत: फक्त, केवळ, तब्बल, चक्क, अपेक्षेप्रमाणे, दुर्दैवाने आणि शब्दाला चिकटणारा तो एकाक्षरी ‘च’. ‘चारच दगावले’ असे म्हटले की आकड्याबरोबर आपले समाधानही छापले जाते.

त्याहून लपलेला अर्थ पहिल्या वाक्यात आहे. ‘स्ट्रेप्टोमायसिनने वाचवले’ यातला ‘ने’ हा प्रत्यय कर्ता किंवा कारण सांगतो. दिसले एवढेच की औषध मिळालेल्या गटात मृत्यू कमी झाले. ते औषधामुळे कमी झाले, हे अनुमान आहे. या चाचणीत ते अनुमान भक्कम आहे, कारण गट चिठ्ठीने पाडले होते. तरीही ते अनुमानच, आणि त्याचा भक्कमपणा दाखवून देणे हेच तर चर्चेचे काम. निकालातच ‘ने’ लिहून टाकला तर ते काम न करताच मजुरी घेतल्यासारखे होते. म्हणून निकालाचा खर्डा तपासताना मी क्रियापदांआधी ‘ने’, ‘मुळे’ आणि ‘यावरून’ यांच्याभोवती गोल करतो.

आता तेच निकालाच्या भाषेत:

> सहा महिन्यांअखेर औषध गटातील ५५ पैकी ४ (७ टक्के) आणि विश्रांती गटातील ५२ पैकी १४ (२७ टक्के) रुग्णांचा मृत्यू झाला. औषधाचा काहीही परिणाम नसता तर एवढा किंवा याहून मोठा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता शंभरात एकापेक्षा कमी आहे. क्ष-किरण चित्रांत बरीच सुधारणा औषध गटात २८ आणि विश्रांती गटात ४ रुग्णांत आढळली. बराच बिघाड दोन्ही गटांत प्रत्येकी ६ रुग्णांत आढळला.

हे वाक्य बरोबर जमले की नाही, हे ओळखण्यासाठी पंचांकडेच परत जावे. पंचनाम्यावर आरोपीच्या बाजूच्या माणसालाही सही करता यायला हवी. समजा, स्ट्रेप्टोमायसिन निरुपयोगी आहे अशी ठाम समजूत असलेला एखादा डॉक्टर आहे. वरच्या चार वाक्यांखाली तो सही करील का? करील. त्याला आकडे मान्य आहेत, त्यांचा अर्थ नाही. ‘प्राण वाचवले’ या वाक्याखाली तो सही करणार नाही. ज्या शब्दाशी त्याची लेखणी अडेल, तो शब्द निकालातून उचलून चर्चेत न्यायचा.

शेवटच्या वाक्याकडे पुन्हा पाहा. बराच बिघाड दोन्हीकडे सहा-सहा. औषधाची बाजू घेणाऱ्याला हा आकडा अडचणीचा आहे, आणि ‘औषध प्रभावी आहे’ या सुरात लिहिणाऱ्याच्या हातून तो बहुतेक वेळा गळतो. कोणी मुद्दाम लपवत नाही. गोष्ट सांगताना गोष्टीत न बसणारे पात्र मागे राहते, तसे होते. निकालातून अर्थ बाहेर ठेवायचा तो मला सगळ्यात जास्त याच कारणासाठी महत्त्वाचा वाटतो.

ही भीती कल्पनेतली नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा ७२ चाचण्यांचे निबंध तपासले गेले, ज्यांच्या मुख्य निकालात दोन गटांत संख्याशास्त्रीय फरक आढळलाच नव्हता. तरीही त्यांतल्या २१ निबंधांच्या निकाल विभागातच उपचाराच्या बाजूने झुकलेली मांडणी होती.

## “योगायोगाची शक्यता सांगितली, तो अर्थ नाही का?”

हा प्रश्न चांगला विद्यार्थी विचारतोच. उत्तर असे की तो हिशेब आहे. कोणती कसोटी लावायची हे आकडे येण्याआधी ठरलेले असते आणि तीच कसोटी कोणीही लावली तरी तेच उत्तर येते. म्हणून तो निकालात शोभतो. घोळ होतो तो ‘लक्षणीय’ या शब्दाने. संख्याशास्त्रात लक्षणीय म्हणजे योगायोगाने सहज न दिसणारा. रोजच्या मराठीत लक्षणीय म्हणजे मोठा, दखल घेण्याजोगा. हजारो रुग्णांच्या अभ्यासात रक्तदाबातला एका अंकाचा फरकही पहिल्या अर्थाने लक्षणीय ठरू शकतो, दुसऱ्या अर्थाने नाही. निकालात हा शब्द वापरलाच तर पहिल्या अर्थाने वापरावा आणि शेजारी आकडा ठेवावा. फरक रुग्णाच्या दृष्टीने मोठा आहे का, हे चर्चेत येईल.

## “काय सांगायचे हे निवडणे म्हणजेही अर्थ लावणेच ना?”

काही अंशी हो. दहा कोष्टकांतली कोणती तीन मजकुरात आणायची, कोणते आधी घ्यायचे, यात माणसाचा निवाडा असतोच. अगदी ‘बरीच सुधारणा’ ही नोंदही कोणीतरी क्ष-किरण चित्र पाहून केलेला निवाडाच होती. प्रश्न आहे तो निवाडा कधी आणि कोणत्या नियमाने झाला याचा. या चाचणीत क्ष-किरण चित्रे दोन रेडिओलॉजिस्ट आणि एका चिकित्सकाने वेगवेगळी वाचली, आणि चित्र कोणत्या गटातल्या रुग्णाचे आहे हे त्यांना माहीत नव्हते. पाहणाऱ्याला कल झुकवायला जागाच ठेवली नव्हती. असा निवाडा मोजमाप म्हणून निकालात येऊ शकतो.

तसेच निवडीचे. मुख्य प्रश्न कोणता, गौण कोणते, हे पद्धतीच्या प्रकरणात आधी लिहून ठेवले असेल, तर निकालाने त्याच क्रमाने जावे. मग आपली निवड आकडे पाहून केलेली राहत नाही.

आणि निकाल म्हणजे कोरडी यादी असा समज करून घेऊ नये. वाचकाचा हात धरून त्याला कोष्टकातून नेणे हे निकालाचेच काम आहे. ‘सर्वात मोठे अंतर बरीच सुधारणा या वर्गात होते’ हे वाक्य निकालात चालते, कारण कोष्टक पाहून कोणालाही ते पडताळता येते. ‘हे अंतर औषधाने जंतूंची वाढ रोखल्यामुळे होते’ हे चालत नाही, कारण ते कोष्टकात कुठेच दिसत नाही. तुलना कोष्टकात सापडते, कारण सापडत नाही. कोष्टकातला प्रत्येक आकडा वाक्यात उतरवणे हे उलट निकालातल्या निकालात केलेले पुनरावर्तनच आहे.

## दुसऱ्या सहामाहीत काय झाले

आता चर्चेकडे. या रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवले गेले. वर्षाअखेर औषध गटातले एकूण १२ आणि विश्रांती गटातले २४ रुग्ण दगावले होते. टक्क्यांत सांगायचे तर २२ आणि ४६. पुनरावर्तनाची सवय लागलेली चर्चा अशी होते:

> आमच्या अभ्यासात सहा महिन्यांअखेर औषध गटात ७ टक्के व विश्रांती गटात २७ टक्के मृत्यू आढळले. वर्षअखेर हे प्रमाण अनुक्रमे २२ टक्के व ४६ टक्के होते. बरीच सुधारणा औषध गटात २८ रुग्णांत आढळली.

यात एकही चूक नाही. पण ही तीन वाक्ये काढून टाकली तर वाचकाचा कोणता प्रश्न अनुत्तरित राहतो? एकही नाही. परिच्छेद मनातल्या मनात खोडून पाहायचा आणि हा प्रश्न विचारायचा, ही माझी चर्चेपुरती कसोटी आहे.

मग वकील या आकड्यांचे काय करील? तो म्हणेल, या दोन मुक्कामांमध्ये काहीतरी घडले आहे. सहा महिन्यांअखेर औषध गटातले मृत्यूचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या साधारण पावपट होते, वर्षाअखेर ते जवळजवळ निम्मे झाले. म्हणजे सुरुवातीचा जोर टिकला नाही? थांबा. भागाकाराऐवजी वजाबाकी करून पाहा. पहिल्या मुक्कामी अंतर सुमारे २० टक्क्यांचे होते, दुसऱ्या मुक्कामी सुमारे २४ टक्क्यांचे. या हिशेबाने फायदा टिकला, थोडा वाढलासुद्धा. आकडे तेच असताना भागाकार एक बोलतो आणि वजाबाकी दुसरे. यातले कोणते आणि का ग्राह्य धरायचे, हे लेखकाने इथे सांगायला हवे. चर्चा इथे सुरू होते.

यासाठी दुसरी सहामाही वेगळी काढू. सहा महिन्यांनंतर औषध गटात ५१ रुग्ण जिवंत होते, त्यातले पुढच्या सहा महिन्यांत ८ दगावले. विश्रांती गटात ३८ जिवंत होते, त्यातले १० दगावले. टक्क्यांत साधारण १६ आणि २६. पहिल्या सहामाहीतली ७ आणि २७ ची दरी इथे बरीच भरून आलेली दिसते. वाचकाला याचे कारण हवे असते, आणि एक कारण या चाचणीतच नोंदलेले होते. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच अनेक रुग्णांच्या थुंकीतले जंतू स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले होते. जंतू असे निगरगट्ट होणे म्हणजे प्रतिरोध.

चर्चेचा मजकूर तेव्हा असा काहीसा होईल:

> औषधाचा फायदा वर्षाअखेरही पुसला गेला नव्हता, पण तो मुख्यतः पहिल्या सहा महिन्यांतला होता; त्यानंतर दोन्ही गटांतील मृत्यूचे प्रमाण एकमेकांच्या जवळ आले. जंतूंमध्ये उपचाराच्या सुरुवातीलाच आढळलेला प्रतिरोध हे याचे सर्वांत संभाव्य कारण वाटते. मात्र दोन अन्य शक्यता नाकारता येत नाहीत. बहुतेक रुग्णांना औषध चार महिनेच दिले होते, तेव्हा नंतरची घसरण औषध थांबल्यामुळेही असू शकते. शिवाय विश्रांती गटातील सर्वाधिक आजारी रुग्ण पहिल्या सहामाहीतच दगावले असल्याने उरलेले रुग्ण मुळात अधिक काटक असण्याचा संभव आहे.

यात एकही टक्केवारी नाही, तरी निकालावर पाय रोवून उभे असलेले हे बोलणे आहे. शेवटची शक्यता विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. गट चिठ्ठीने पाडले होते ते पहिल्या दिवशी. सहा महिने उलटल्यावर जे जिवंत राहिले, त्यांची निवड चिठ्ठीने नाही, मृत्यूने केली होती. म्हणून दुसऱ्या सहामाहीची तुलना पहिलीइतकी निष्पक्ष नाही, आणि आठ व दहा हे आकडेही लहान आहेत. आपल्याच आवडत्या स्पष्टीकरणावर अशी शंका घेतलेली दिसली की मला त्या लेखकाच्या निकालावरही जास्त विश्वास बसतो.

## “मग चर्चेत एकही आकडा नको का?”

असा नियम केला तर चर्चा अधांतरी होते. वीस पाने मागे वाचलेले वाचकाच्या डोक्यात राहत नाही, त्याला खुंटी लागते. म्हणून चर्चेच्या पहिल्या परिच्छेदात मुख्य निकाल एकदा, एका वाक्यात, शक्यतो शब्दांत सांगावा: ‘सहा महिन्यांत औषध गटातील मृत्यूंचे प्रमाण विश्रांती गटाच्या सुमारे पावपट होते.’ त्यापुढे आकडा आणायचा तो काम असेल तेव्हाच. दुसऱ्या कोणाच्या अभ्यासाशी तुलना करायची असेल तर दोन्ही आकडे शेजारी लागतात. किंवा आकड्याचे रूप बदलून त्यातून नवे काही कळत असेल तर. इथे २० टक्क्यांचे अंतर म्हणजे सहा महिन्यांच्या मुदतीत साधारण दर पाच रुग्णांना औषध दिल्यावर एक मृत्यू टळला. डॉक्टरला ‘७ आणि २७’ पेक्षा हे वाक्य जास्त उपयोगी पडते, आणि ते निकालाचे पुनरावर्तन नाही.

मात्र एक पथ्य पाळावे. ज्या आकड्याचा उगम निकालात नाही, तो चर्चेत पहिल्यांदा अवतरू नये. वरचा ५१ पैकी ८ आणि ३८ पैकी १० हा हिशेब मी चर्चा करता करता मांडला, पण प्रबंधात त्याची जागा निकालाच्या कोष्टकात असायला हवी. चर्चा लिहिताना ‘हा आकडा मला लागतोय’ असे जाणवले की मागे जाऊन तो निकालात नोंदवायचा आणि मग पुढे यायचे. हे मागे-पुढे जाणे चुकीचे नाही, लिहिण्याचा तो नेहमीचा रस्ता आहे. फक्त तो हिशेब आधी ठरवलेला नव्हता, आकडे पाहिल्यावर सुचला, हे तिथे प्रामाणिकपणे लिहावे.

चर्चेत गुंतलेली पुनरावृत्ती सापडत नसेल तर रंगीत पेनाने तिच्यातला प्रत्येक आकडा अधोरेखित करावा आणि त्याच्यापुढचे वाक्य वाचावे. पुढचे वाक्य ‘म्हणजे’, ‘याचे कारण’, ‘याउलट’ असे काही म्हणत असेल तर आकडा कामावर आहे. पुढे आणखी एक आकडाच येत असेल, तर तो परिच्छेद निकालातून चालत आलेला आहे.

## “आमच्या विद्यापीठात दोन्ही एकत्रच लिहितात”

काही विषयांत आणि काही नियतकालिकांत ‘निकाल आणि चर्चा’ असा एकच विभाग असतो. मुलाखतींवर आधारलेल्या सामाजिक अभ्यासात तर माणसांचे बोलणे आणि त्याचा लावलेला अर्थ वेगळे काढणे खरोखर अवघड असते. अशा ठिकाणी भेद प्रकरणांत न ठेवता परिच्छेदात ठेवावा. आधी काय दिसले, मग त्याचा अर्थ, मग पुढचा मुद्दा. वाक्यांची सरमिसळ मात्र एकत्र विभागातही नको. वाचकाला बोट ठेवून सांगता आले पाहिजे की इथपर्यंत तुमचे डोळे बोलले आणि इथून तुमचे डोके.

## चर्चेचा शेवटचा परिच्छेद

चर्चेच्या शेवटी कोणाला हे लागू पडते आणि कोणाला नाही, हे येते. या चाचणीत तरुण, तीव्र आजाराचे रुग्ण होते. वर्षानुवर्षे जुना क्षय असलेल्या पन्नाशीतल्या माणसाबद्दल तिच्यावरून थेट काही म्हणता येत नाही. आणि मग येतो उरलेला प्रश्न. ‘याविषयी अधिक संशोधनाची गरज आहे’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रबंधात असते आणि कोणत्याही प्रबंधात चालते, म्हणून ते काहीच सांगत नाही. स्ट्रेप्टोमायसिनच्या बाबतीत उरलेला प्रश्न नेमका होता: जंतू या औषधाला दाद देईनासे होतात, तर त्याच्या जोडीला दुसरे औषध दिल्यास ते थांबेल का? मेडिकल रिसर्च कौन्सिलने पुढची चाचणी याच प्रश्नावर घेतली. स्ट्रेप्टोमायसिनबरोबर पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल दिले, आणि १९५० मध्ये निकाल छापून आले. दोन्ही औषधे एकत्र घेणाऱ्या गटात प्रतिरोधक जंतू कितीतरी कमी रुग्णांत आढळले.